ठिपका हलत नाही

उन्हाळ्यात धरण आटताना ज्याने नीट पाहिले आहे, त्याला त्रिघटक प्रावस्था आकृती अर्धी कळलेली असते, असे मी वर्गात सांगत आलो आहे. पावसाळ्याच्या शेवटी पाणी काठोकाठ असते आणि खालचा डोंगरउतार, घळी, ओढ्यांची पात्रे, सगळे त्याखाली बुडालेले असते. पातळी उतरू लागली की आधी सोंडा उघड्या पडतात, मग पाण्याला घळींच्या आकाराचे फाटे फुटतात आणि शेवटी सगळ्यात खोल जागी एक डबके उरते. वितळलेली मिश्रधातू गोठते तेव्हा कागदावरच्या नकाशात हेच घडते. तिथे पाण्याच्या पातळीऐवजी तापमान उतरत असते, एवढाच फरक.

विद्यार्थी अडतात ते या आकृतीच्या छेदांपाशी. तीन धातूंची आकृती खरे तर त्रिकोणी पायाचा एक उभा खांब असतो. पायाच्या त्रिकोणावर मिश्रणाचे प्रमाण आणि उंचीवर तापमान. असा खांब पुस्तकाच्या पानावर मावत नाही, म्हणून त्याचे काप छापतात. ठरावीक तापमानाला आडवा घेतलेला काप म्हणजे समतापी छेद, आणि वरून खालपर्यंत सुरी चालवावी तसा घेतलेला काप म्हणजे उभा छेद. दोन्हींत रेषा असतात आणि दोन्हींत प्रदेशांवर नावे लिहिलेली असतात, त्यामुळे दोन्ही एकाच पद्धतीने वाचायचे असा समज होतो. तो समज घेऊन आकडे काढले की उत्तर चुकते, आणि चुकलेले उत्तर दिसायला अगदी बरोबर वाटते.

एक खरे उदाहरण घेऊ: बिस्मथ, शिसे आणि कथील. कथील आणि शिसे आपल्या ओळखीचे आहेत. पितळेच्या भांड्यांना कल्हई लागते ती कथलाची, आणि झाळकामाची तार पिढ्यान् पिढ्या कथील-शिशाची होती. शुद्ध कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते, शिसे ३२७ अंशांना. पण १०० ग्रॅममध्ये सुमारे ६२ ग्रॅम कथील आणि बाकी शिसे घेतले तर ते मिश्रण १८३ अंशांनाच वितळते. एकमेकांच्या संगतीने वितळणबिंदू खाली येण्याच्या या तळाच्या जागेला युटेक्टिक म्हणतात. कथील आणि बिस्मथ यांचा असा तळ १३९ अंशांना आहे, शिसे आणि बिस्मथ यांचा १२५ अंशांना. तिन्ही एकत्र आणले की तळ आणखी खोल जातो. फ्रेंच धातुशास्त्रज्ञ जॉर्ज शार्पी यांनी १८९८ च्या सुमारास या त्रयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. बिस्मथ ५२, शिसे ३२ आणि कथील १६ टक्के अशा वजनी प्रमाणाला हे मिश्रण ९६ अंशांच्या आसपास, म्हणजे उकळत्या पाण्यातसुद्धा, वितळते. १८ व्या शतकातल्या व्हॅलेंटिन रोझ या जर्मन रसायनतज्ज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा रोझ धातू याच परिसरातला.

आता नकाशा मांडू. समभुज त्रिकोणाच्या वरच्या टोकाला बिस्मथ, डाव्या टोकाला शिसे आणि उजव्या टोकाला कथील लिहा. टोक म्हणजे १०० टक्के शुद्ध धातू, आणि टोकासमोरची बाजू म्हणजे त्या धातूचे शून्य टक्के. बाजूपासून टोकाकडे जेवढे सरकाल तेवढा तो धातू वाढत जातो. आपली मिश्रधातू बिस्मथ ७०, शिसे १५, कथील १५ अशी घेऊ. ती त्रिकोणाच्या मध्यरेषेवर, बिस्मथच्या टोकाकडे, एका ठिपक्याने दाखवता येते. मुशीत १०० ग्रॅम धातू आहे, काही आत जात नाही, काही बाहेर येत नाही. म्हणून तो कितीही गार झाला तरी ठिपका जागचा हलत नाही. हलतो तो त्याच्याखालचा नकाशा, आणि हलते ते त्या १०० ग्रॅममध्ये उरलेल्या द्रवाचे घटकप्रमाण.

प्रत्येक प्रमाणाचा द्रव कोणत्या तापमानाला गोठू लागतो, ती उंची त्रिकोणावर उभी केली की डोंगर तयार होतात. बिस्मथच्या टोकापाशी २७१ अंशांचे शिखर आणि आत उतरत जाणारा उतार. शिशाकडून एक उतार, कथलाकडून एक. दोन उतार भेटतात तिथे घळ तयार होते. कथील-बिस्मथ घळ त्रिकोणाच्या उजव्या बाजूवर १३९ अंशांना सुरू होऊन आत उतरते, शिसे-बिस्मथ घळ डाव्या बाजूवर १२५ अंशांना, आणि शिसे-कथलाची खालच्या बाजूवर १८३ अंशांना. अखेर सारे उतार ९६ अंशांच्या त्या खोल जागी जाऊन मिळतात. तेच शेवटचे डबके. समतापी छेदात ‘द्रव’ असे लिहिलेला प्रदेश म्हणजे त्या पातळीवरचा पाण्याचा पृष्ठभाग. हे एकदा डोळ्यांपुढे आले की पुढचे वाचन अवघड जात नाही.

या डोंगराळ मुलखात बिस्मथचा उतार आपल्या सोयीचा आहे. बिस्मथचा स्फटिक शिसे किंवा कथील स्वतःत जवळजवळ घेत नाही. द्रवातून बाहेर पडतो तो जवळपास शुद्धच. द्रवातून शुद्ध बिस्मथ काढत राहिलो तर उरलेल्या द्रवात शिसे आणि कथील यांचे एकमेकांशी प्रमाण तसेच राहते. आपल्या मिश्रणात ते समसमान आहेत, म्हणून उरलेल्या द्रवातही समसमानच राहतील. नकाशावर याचा अर्थ असा, की द्रवाचा ठिपका बिस्मथच्या टोकापासून मध्यरेषेवरून सरळ दूर सरकतो.

आता पहिला समतापी छेद पाहू, १५० अंशांचा. पाणी अजून बरेच आहे. डाव्या आणि उजव्या, दोन्ही बाजूंना ते टेकलेले आहे, कारण तिथल्या घळी १३९ आणि १२५ अंशांना, म्हणजे अजून पाण्याखाली आहेत. फक्त खालची शिसे-कथलाची बाजू कोरडी पडली आहे. वरच्या टोकाशी बिस्मथचा उतार उघडा झाला आहे आणि आपला ठिपका त्या उघड्या पट्ट्यात आहे. आपले मिश्रण गोठायला लागले ते १६५ अंशांच्या आसपास, त्यामुळे १५० ला त्यात बिस्मथचे काही स्फटिक आहेत आणि बाकी द्रव आहे. या पट्ट्यात बिस्मथच्या टोकातून पंख्याच्या काड्यांसारख्या निघालेल्या रेषा छापलेल्या असतात. त्या बंधरेषा. प्रत्येक बंधरेषेच्या एका टोकाला घन असतो, दुसऱ्या टोकाला त्याच्याशी समतोलात असलेला द्रव. आपल्या ठिपक्यातून जाणारी काडी पकडून पाण्याच्या काठापर्यंत गेलो की द्रवाचे प्रमाण मिळते: साधारण बिस्मथ ६४, शिसे १८, कथील १८.

आता तरफेचा नियम लावू. सगळे १५ ग्रॅम शिसे द्रवातच आहे आणि द्रवात ते १८ टक्के आहे. म्हणजे द्रव १५ भागिले ०.१८, सुमारे ८३ ग्रॅम. उरलेले १७ ग्रॅम बिस्मथचे स्फटिक. तरफेचा नियम हा मुळात असा हिशेबच असतो. जो धातू फक्त एकाच ठिकाणी आहे तो मोजून बाकीचे काढायचे.

१२० अंशांच्या छेदात चित्र बदललेले दिसते. डावी आणि उजवी बाजूही आता कोरडी आहे, पाणी त्रिकोणाच्या आत एका तळ्यासारखे राहिले आहे. तळ्याचा जो कोपरा कथील-बिस्मथ घळीत शिरलेला आहे, तिथून एक सरळ बाजूंचा त्रिकोण निघतो: एक कोपरा बिस्मथ, दुसरा कथील, तिसरा तळ्याचे ते टोक. या त्रिकोणात पडणाऱ्या प्रत्येक मिश्रणात बिस्मथचे स्फटिक, कथलाचे स्फटिक आणि टोकावरचा द्रव, अशा तीनच गोष्टी असतात आणि तिन्हींची प्रमाणे ठरलेली असतात. घळ सरळ रेषेत उतरते असे धरले, तर १२० अंशांना टोकावरच्या द्रवात शिसे १४ आणि कथील ३१ टक्के आहे. आपल्या ठिपक्यात शिसे आणि कथील समान आहेत, म्हणून तो या त्रिकोणाच्या बाहेर, अजूनही पंख्याच्या काड्यांमध्येच आहे. कथील अजून गोठू लागलेले नाही.

तापमान उतरते तसे त्रिकोणाचे ते तिसरे टोक घळीतून खाली, शिशाच्या दिशेने सरकत राहते आणि त्रिकोणाची बिस्मथकडची बाजू दाराच्या फळीसारखी बिस्मथच्या टोकाभोवती फिरते. एका क्षणी ती बाजू बरोबर आपल्या ठिपक्यावरून जाते. सरळ घळ धरून हिशेब केला, तर हे १०८ अंशांच्या आसपास घडते, आणि तेव्हाचा द्रव बिस्मथ ५३.४, शिसे २३.३, कथील २३.३ असा असतो. शिशाचा हिशेब पुन्हा करा: १५ भागिले ०.२३३, म्हणजे ६४ ग्रॅम द्रव, आणि जवळपास ३६ ग्रॅम बिस्मथ स्फटिकरूपात. इथून पुढे बिस्मथ आणि कथील जोडीने गोठतात.

१०० अंशांचा छेद काढला तर ठिपका त्रिकोणात नीट आत आलेला दिसतो. टोकावरचा द्रव आता बिस्मथ ५२.५, शिसे २९, कथील १८.५. शिशावरून द्रव सुमारे ५२ ग्रॅम. या द्रवात ९.६ ग्रॅम कथील आहे, म्हणून ५.४ ग्रॅम कथील घन झाले. आणि उरलेले ४३ ग्रॅम बिस्मथ. बेरीज १०० येते. ९६ अंशांना डबके गाठले तेव्हा द्रवात शिसे ३२ टक्के, म्हणून द्रव ४७ ग्रॅम. हे ४७ ग्रॅम तापमान न बदलता तीन घन एकदम बाहेर टाकत गोठतात, आणि ते संपेपर्यंत तापमान खाली जात नाही.

हा तिसरा घन शुद्ध शिसे नसतो, हे इथे सांगायला हवे. शिसे आणि बिस्मथ मिळून एक वेगळी प्रावस्था बनवतात, तिला एप्सिलॉन म्हणतात. तिच्यात शिशाचा वाटा मोठा असला तरी बिस्मथही भरपूर असतो. म्हणून ९६ अंशांखालच्या समतापी छेदात आपला ठिपका बिस्मथ, कथील आणि एप्सिलॉन यांच्या त्रिकोणात सापडतो. शिशाचे टोक त्या त्रिकोणात येत नाही. परीक्षेत ‘बिस्मथ, कथील आणि शिसे’ असे उत्तर लिहिणारे बरेच असतात, कारण सुरुवातीला वजन करून टाकले ते तीन धातू तेच होते.

आता उभ्या छेदाकडे वळू. घाटरस्त्यासाठी डोंगर कापला की कातळाचे थर एकावर एक दिसतात, तसा हा छेद असतो. आपण सुरी बिस्मथच्या टोकातून खालच्या बाजूच्या मध्यापर्यंत, म्हणजे मध्यरेषेवर चालवू. पायाला बिस्मथचे प्रमाण, उंचीला तापमान. ७० टक्क्यांवर एक उभी रेषा काढा आणि वरून खाली या. १६५ च्या आसपास एक वक्र ओलांडला की ‘द्रव अधिक बिस्मथ’. १०८ ला एक रेषा ओलांडली की ‘द्रव अधिक बिस्मथ अधिक कथील’. ९६ ला शेवटची रेषा, आणि तिच्याखाली तीन घन. मिश्रण गार होताना कोणत्या तापमानाला काय घडेल, याचे वेळापत्रक एका नजरेत मिळते. समतापी छेदातून हे काढायला छेदांची चळत चाळावी लागली असती.

पण या छेदातल्या १०८ च्या रेषेकडे नीट पाहा. ती पूर्ण आडवी आहे. मध्यरेषेवरची ५३.४ टक्क्यांपेक्षा जास्त बिस्मथची कोणतीही मिश्रधातू घ्या, ८० टक्के किंवा ६० टक्के, तिचा द्रव त्याच सरळ मार्गाने येऊन त्याच जागी घळीत उतरतो, म्हणून सर्वांना दुसरा टप्पा १०८ लाच लागतो. दोन धातूंच्या आकृतीत आडवी रेषा म्हणजे युटेक्टिक, असे मनात बसलेला माणूस हिलाही युटेक्टिक समजतो आणि तापमान इथे थांबेल अशी अपेक्षा करतो. तापमान इथे थांबत नाही. घळीत उतरलेल्या द्रवाला अजून खाली वाहत जायचे असते. तो प्रमाण बदलत जातो आणि गारही होत जातो. फक्त गार होण्याचा वेग मंदावतो. ९६ ची रेषाही आडवीच, पण तिथे द्रवाला खाली जायला जागा उरलेली नसते, म्हणून तिथला थांबा खरा. छापील उभ्या छेदात दोन्ही रेषा सारख्याच दिसतात. दोन्हींच्या मध्ये द्रव असलेला तीन प्रावस्थांचा पट्टा आहे, हे पाहूनच कोणती कोणती ते ओळखायचे.

दुसरा सापळा तरफेचा आहे. या मध्यरेषेच्या छेदात पहिल्या टप्प्यापुरती आडवी रेषा मारून आकडे काढले तर ते बरोबर येतात, कारण बिस्मथच्या टोकातून निघालेली बंधरेषा याच कापात पडते. १०८ च्या खाली मात्र द्रव या कापातून बाहेर पडून घळीने शिशाकडे निघालेला असतो. तो कागदाच्या पातळीत नसतोच. तिथे आडवी रेषा मारून द्रवाचे प्रमाण वाचणे म्हणजे घाटाच्या कापलेल्या भिंतीकडे बघून शेजारच्या दरीतल्या ओढ्याची खोली सांगणे.

काप बिस्मथच्या टोकातून न घेता कथील कायम १५ टक्के ठेवून घेतला, तर पहिल्या टप्प्यातही हिशेब चुकतो. असे छेद संदर्भग्रंथांत भरपूर असतात. आपली मिश्रधातू त्यात आहे, गोठू लागण्याचे तापमान त्यातही १६५ च्या आसपासच दिसते, दुसरा टप्पाही १०८ लाच. पण १५० अंशांना आडवी रेषा मारली तर द्रवाच्या बाजूला ‘कथील १५’ असेच वाचावे लागते, कारण या कागदावर दुसरे कथीलच नाही. खरा द्रव १८ टक्के कथलाचा आहे. बिस्मथ बाहेर पडत असताना द्रवातले कथील वाढणारच. आणि रेषेच्या दुसऱ्या टोकाला पोचलात तर बिस्मथ ८५, कथील १५ असा घन वाचावा लागेल. असा स्फटिक अस्तित्वातच नाही. चूक पकडायची माझी पद्धत हीच आहे. आडव्या रेषेच्या घनाकडच्या टोकाला जे प्रमाण आले, तसा घन खरोखर होतो का ते पाहावे. होत नसेल तर ती बंधरेषा नव्हे.

म्हणून मी मुलांना दोन्ही छेद एकत्र वापरायला सांगतो. तापमान आणि प्रावस्थांचा क्रम उभ्या छेदातून घ्यायचा. मग त्या तापमानाचा समतापी छेद उघडून त्यातून प्रमाणे आणि वजने काढायची.

कागदावरचे हे आकडे मुशीत कितपत उतरतात? कथलाच्या बाबतीत मी एक सोय करून घेतली, ती सांगायला हवी. गोठणारे कथील मी शुद्ध धरले. प्रत्यक्षात ते बिस्मथ स्वतःत घेते, १३९ अंशांना तर २१ टक्क्यांपर्यंत. म्हणजे तीन प्रावस्थांच्या त्रिकोणाचा कथलाचा कोपरा खऱ्या छेदात टोकाच्या थोडा आत असतो. त्यामुळे कथलाच्या स्फटिकांचे वजन वाढते आणि सुट्या बिस्मथचे थोडे घटते. शिवाय हे छेद समतोलाचे असतात. धातू भराभर गार केला तर आधी गोठलेल्या कथलाच्या स्फटिकाला आपले प्रमाण बदलायला वेळ मिळत नाही आणि त्याचा गाभा एका प्रमाणाचा, कड दुसऱ्या प्रमाणाची राहते.

तपासणी सोपी आहे, फक्त शिशाची वाफ आणि धूळ टाळायची काळजी घ्यावी. मुशीत १०० ग्रॅम धातू २०० अंशांपर्यंत वितळवून त्यात थर्मोकपल ठेवायचे आणि दर १० सेकंदांनी तापमान लिहायचे. आलेखाचा उतार १६५ च्या सुमारास एकदा मोडतो, १०८ च्या सुमारास पुन्हा मोडतो आणि ९६ ला सपाट होतो. सपाट भागाआधी तापमान कधी कधी काही अंश खाली जाऊन परत वर येते. स्फटिक सुरू व्हायला उशीर झाल्याची ती खूण असते, आणि वाचायचे ते वर आल्यानंतरचे तापमान. सपाट भागाची लांबी उरलेल्या द्रवाच्या प्रमाणात असते. त्यामुळे त्याच मुशीत, त्याच गतीने बिस्मथ ८० टक्क्यांचे मिश्रण गार केले तर ४७ ऐवजी ३१ ग्रॅम द्रव उरतो आणि थांबाही त्या मानाने आखूड येतो. ९६ नंतर ७० अंशांच्या आसपास आणखी एक छोटा थांबा आला, तर धातूत कॅडमियम मिसळलेले आहे असे समजावे. त्या चौथ्या धातूसह होणारे युटेक्टिक ७० अंशांचे आहे, आणि जुनी भंगारातली मिश्रधातू वितळवून वापरली की हे घडू शकते.

गोठलेला गोळा कापून, घासून, चकचकीत करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की हेच टप्पे पुन्हा दिसतात. मोठे, कोनदार, सुटे सुटे पसरलेले तुकडे म्हणजे १६५ पासून वाढलेला बिस्मथ. त्यांच्याभोवती बिस्मथ आणि कथील यांची भरड गुंफण, १०८ ते ९६ या बारा अंशांतली. आणि सगळ्या फटी भरून काढणारी, तीन छटांची अतिशय बारीक वीण म्हणजे शेवटी डबक्यात उरलेले ४७ ग्रॅम.